जोत्याचा भराव: फरशी खचते ती कोपऱ्यातूनच

राहायला गेल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत फरशी खचते, तेव्हा ती सहसा खोलीच्या मधोमध खचत नाही. खचते ती कोपऱ्यात, कॉलमच्या आसपास आणि भिंतीच्या कडेने. स्कर्टिंग जागच्या जागी राहतं आणि त्याच्याखालची फरशी सुटते. आधी कागद सरकेल एवढी फट दिसते, पुढे बोट जाईल एवढी होते. भिंतीला मात्र तडा नसतो. कारण भिंत प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्याच्या उंचीवरच्या काँक्रीटच्या तुळईवर आहे, बीम कॉलमवर आणि कॉलम फुटिंगवर, म्हणजे जमिनीतल्या रुंद काँक्रीटच्या पायावर. फरशीला यातलं काहीच नाही, ती बीमच्या चौकटीत भरलेल्या मुरमावर बसलेली असते. चौकट हलत नाही आणि आतला भराव खाली बसतो, म्हणून फट नेमकी दोघांच्या सीमेवर पडते.

कोपराच का, हे समजलं की भराव कसा करायचा ते अर्धं समजलं. त्यासाठी एक घर समोर ठेवू. सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्यात असतं तसं, वर काळी माती आणि खाली कडक मुरूम असलेल्या जागेतलं. आतून साधारण २४ फूट बाय ३४ फूट, बारा कॉलम. प्रत्येक फुटिंगसाठी ५ फूट बाय ५ फूट, ५ फूट खोल खड्डा आणि त्यात ४ फूट बाय ४ फुटाचं फुटिंग. प्लिंथ बीमचा माथा जमिनीपासून अडीच फूट वर. बीमच्या माथ्याखाली ३ इंच पीसीसी, म्हणजे सळया नसलेलं साधं काँक्रीट, आणि त्याखाली ९ इंच सोलिंग, म्हणजे खेटून लावलेल्या दगडांचा थर येणार, म्हणजे भरावाचा माथा बीमच्या माथ्यापासून एक फूट खाली, जमिनीपासून दीड फूट वर थांबेल. जोत्याच्या आतली वरची एक फूट काळी माती काढून टाकली आहे. तर खोलीच्या मध्यावर भरावाची एकूण जाडी झाली अडीच फूट. त्याखाली न खणलेली जमीन.

आता कॉलमजवळ बघा. तिथे फुटिंगच्या माथ्यापासून सोलिंगच्या तळापर्यंत जवळपास ५ फूट भराव आहे. नुसता ओतलेला भराव पुढे फक्त ५ टक्के बसला असं धरलं, तरी खोलीच्या मध्यावर दीड इंच आणि कोपऱ्यात तीन इंच. मुरूम तोच, मजूर तेच, तरी कोपरा दुप्पट खचणार. त्यात भर म्हणजे कोपऱ्यात आणि बीमलगत मशीन पोहोचत नाही. जिथे भराव सर्वांत खोल तिथेच धुमस, म्हणजे ठोकून दाबणं, सर्वांत कमी, असा हा प्रकार आहे. म्हणून या लेखात खोलीच्या मधल्या भागाबद्दल थोडं आणि खड्डे व कडा यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

कोणता माल आणि किती

खोदाईतून निघालेली काळी माती जोत्यात परत टाकायची नाही. फुकटात मिळते आणि जागेवरच पडलेली असते, म्हणून ठेकेदाराचा हात आधी तिकडेच जातो. पण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. ती कितीही धुमसली तरी हा स्वभाव जात नाही. अशा भरावावरची फरशी उन्हाळ्यात खचते आणि पावसाळ्यात उचलली जाते. ही माती घराबाहेर परसात किंवा शेतात जाऊ द्या.

भरावाला हवा तो टणक मुरूम, ज्यात बारीक खडीएवढे तुकडे आहेत आणि ते धरून ठेवण्यापुरती थोडी माती आहे. फार मोठे दगड नकोत. थराच्या जाडीच्या निम्म्याहून मोठा दगड थरात बसत नाही. तो मशीनचा भार स्वतः घेतो आणि त्याच्या भोवतीचा मुरूम मोकळाच राहतो. अडीच-तीन इंचांपेक्षा मोठे दगड बाजूला काढून सोलिंगला ठेवा. कोकणात काम असेल तर तिथला तांबडा, जांभ्याचा मुरूम चालतो, फक्त त्यात चिकण मातीचे गोळे नसावेत. डोंगर कापून आणलेला मऊ, हाताने चुरडला जाणारा पिवळट मुरूम टाळा, कारण तो ओला झाला की त्याचा चिखल होतो. ओळखायला सोपं आहे: चार-पाच तुकडे रात्रभर बादलीत भिजत ठेवा. सकाळी तुकडे तुकडेच राहिले तर माल घ्या, विरघळून तळाशी गाळ झाला तर गाडी परत पाठवा.

किती मागवायचा याचा हिशोब करताना पक्का भराव आणि सुटा माल यांत गल्लत होते. आपल्या घराच्या आतलं क्षेत्रफळ बीम-भिंती वजा जाता ८०० चौरस फूट धरू. अडीच फूट जाडीचा पक्का भराव म्हणजे २००० घनफूट, २० ब्रास. पण ८ इंच सुटा मुरूम नीट धुमसला की ६ इंच होतो, म्हणून सुटा माल लागणार जवळपास २७ ब्रास. खड्ड्यांचं वेगळं. फुटिंग, त्याखालची पीसीसी आणि कॉलम वजा केले तर काळी माती काढलेल्या पातळीपर्यंत प्रत्येक खड्ड्यात साधारण ७० घनफूट पोकळी उरते. बारा खड्ड्यांची मिळून ८४० घनफूट, सुट्या मापात ११ ब्रास. सगळे मिळून ३८ ब्रास. ठेकेदार २५ ब्रासमध्ये जोतं भरून देतो म्हणाला, तर तो स्वस्तात करत नसून खड्ड्यांत काळी माती लोटणार आहे किंवा धुमस करणार नाही, एवढं समजून घ्या.

पहिलं काम खड्ड्यांचं

खड्डे भरायची वेळ प्लिंथ बीमच्या आधी येते. कॉलमचा जमिनीखालचा भाग ओतून फळ्या काढल्या की खड्डे भरले जातात, मग त्यावर बीमखालचं दगडी किंवा विटांचं बांधकाम आणि त्यावर बीम. हा क्रम लक्षात ठेवा, कारण बहुतेक जागी खड्डे भरताना कोणी लक्ष देत नाही. जेसीबी येतो, बाजूचा ढीग लोटतो आणि दहा मिनिटांत खड्डा दिसेनासा होतो. नंतर जोत्यात कितीही काळजी घेतली तरी त्या पाच फुटांत जाऊन आपल्याला काही करता येत नाही.

कॉलमचं काँक्रीट ओतल्यावर किमान ७ दिवस त्यावर पाणी मारून झालेलं असू द्या. खड्ड्यात उतरून आधी तो साफ करून घ्या. त्यात फळ्यांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, सुतळी, काय काय सापडतं! लाकूड आणि कागद कुजले की तिथे पोकळी होते, आणि कुजण्याआधी ते वाळवीला निमंत्रण असतं. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर उपसा आणि तळाचा चिखल खरवडून काढा. चिखलावर टाकलेला मुरूम कितीही ठोकला तरी तो फक्त डुलतो.

फुटिंग आणि खड्ड्याची भिंत यांत चहूबाजूंनी फक्त ६ इंचांची फट आहे. कोणतंही मशीन यात जात नाही, नेहमीची लोखंडी धुमसही जात नाही, कारण तिचा तळ ८ इंचांचा असतो. इथे चार इंच चौकोनी तळाचा लाकडी ठोकणा किंवा तळाला जाड लोखंडी पट्टी जोडलेला पाइप वापरा. थर ४ इंचांचे सुटे टाका, त्याहून जाड नको. ओलसर मुरूम टाकायचा, चारही बाजू फिरून ठोकायच्या, मग पुढचा थर. एकाच बाजूने भरत जायचं नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि मजूर ते टाळतात. तुम्ही तिथे उभं राहण्यासारखी वेळ पूर्ण भरावात कुठली असेल, तर ती हीच.

फुटिंगचा माथा झाकला की जागा मोकळी होते. आता जंपिंग रॅमर, म्हणजे उड्या मारत ठोकणारं उभं मशीन, खड्ड्यात उतरवा. भाड्याने मिळतं. त्याचा पाय अरुंद असतो आणि ठोका खोलवर जातो, त्यामुळे खड्ड्यासाठी ते सपाट प्लेट कॉम्पॅक्टरपेक्षा चांगलं. थर सुटा ८ इंचांचा ठेवता येतो. कॉलमभोवतीची वीतभर जागा मात्र मशीनने नाही, हाताने धुमसायची. मशीन कॉलमला आदळलं तर नव्या काँक्रीटचे कोपरे उडतात.

खड्डा पूर्ण भरल्यावर वर थोडा उंचवटा ठेवून पाणी मारण्याची पद्धत आहे, 'पाण्याने आपोआप बसेल' म्हणून. पाच फूट खोल ओतलेला मुरूम वरून मारलेल्या पाण्याने पाच फुटांपर्यंत बसत नाही. वरचा फूटभर बसतो आणि घट्ट साय धरल्यासारखा दिसतो, खाली सगळं मोकळंच असतं.

बीमखालची जागा

आपल्या घरात बीमचा तळ जमिनीपासून सव्वा फूट वर आहे. त्याखाली भिंतीचं बांधकाम असेल तर प्रश्न नाही. पण हल्ली पैसे वाचवायला बीम फळ्या लावून अधांतरी ओततात आणि खालची जागा उघडीच ठेवतात. तिथून भराव बाहेर ओघळतो. पहिल्या मोठ्या पावसात जोत्याच्या पायथ्याशी मुरमाचे ओहोळ दिसतात, आणि जेवढा मुरूम बाहेर आला तेवढी पोकळी फरशीखाली झालेली असते. भराव सुरू करण्याआधी ही फट विटांनी किंवा दगडांनी बांधून बंद करा आणि बीमच्या तळाला मसाला गच्च भरा. नुसत्या कोरड्या दगडांची रांग लावलेली चालत नाही, सांध्यांतून बारीक माती निसटतेच.

बीमवरही ७ दिवस पाणी झालेलं असावं. बाहेरच्या बाजूला जो भराव करायचा तो आणि आतला भराव शक्यतो बरोबरीने वर आणा. आत दोन-अडीच फूट भरून मशीन चालवायचं आणि बाहेर रिकामं, असं केलं की खालचं नवं बांधकाम बाहेर ढकललं जातं. आत-बाहेर फरक एका थराहून जास्त नको.

थर टाकणं आणि पाणी

भराव सुरू होण्याआधी आतल्या बाजूने बांधकामावर आणि कॉलमवर तळापासून दर ६ इंचांवर रंगदोरीने आडव्या रेषा मारून घ्या. आपल्या घरात अडीच फुटांसाठी पाच रेषा येतील. धुमस झाल्यावर थराचा माथा या रेषेला यायला हवा. सुटा मुरूम पसरताना रेषेच्या दोन इंच वर. रेषा नसतील तर 'सहा-सहा इंचाचेच थर टाकतोय साहेब' हे वाक्य कोणीही म्हणतं आणि प्रत्यक्षात जोतं दोन थरांत भरलं जातं. सरकारी कामांच्या विनिर्देशांतही जोत्याच्या भरावाचा थर २० सेंटिमीटरपेक्षा जाड नको असंच असतं, म्हणजे आपले ८ इंच.

पहिला थर टाकण्याआधी काळी माती काढलेला तळ एकदा पाणी शिंपडून धुमसून घ्या. मग आपल्या ८०० चौरस फुटांत एका थराला सुटा मुरूम लागतो सव्वापाच ब्रास. ट्रॉली एका जागी उलटी करून फावड्याने दूरवर फेकण्याऐवजी छोटे छोटे ढीग करत न्या. एकाच जागी उलटलेल्या ढिगात जाड दगड घरंगळून कडेला जातात आणि नेमके बीमलगत गोळा होतात.

आता पाण्याबद्दल. मुरमात थोडं पाणी असलं तर कण एकमेकांवरून सरकून जवळ येतात. कोरडा असेल तर ते घर्षणाने अडतात, धूळ उडते आणि थर दबत नाही. पाणी जास्त झालं तर कणांमधल्या जागा पाण्यानेच भरतात आणि पाणी दाबून कमी होत नाही, त्यामुळे मशीनखाली जमीन गादीसारखी हलते. मधली योग्य ओल मुठीने कळते. मूठभर मुरूम घट्ट दाबा. गोळा झाला, कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे झाले, आणि तळहात ओलसर वाटला पण पाणी लागलं नाही, तर ओल बरोबर. गोळाच झाला नाही तर पाणी कमी. टाकल्यावर चपटा होऊन चिकटला तर जास्त.

उन्हाळ्यातला कोरडा मुरूम असेल तर ब्रासला साधारण एक पिंप, २०० लिटर पाणी लागतं. ब्रासभर मुरूम सव्वाचार टनांच्या आसपास भरतो, त्याच्या ५ टक्के ओल वाढवायची तर एवढंच येतं. हे पाणी आदल्या संध्याकाळी ढिगावर मारा आणि सकाळी ढीग एकदा परतून घ्या. थर पसरल्यावर वरून पाइपने मारलेलं पाणी वरचा इंच-दोन इंच चिखल करतं आणि खाली कोरडंच राहतं. पसरल्यानंतर फक्त उन्हाने वाळलेला माथा झारीने ओलसर करायचा.

आधी कडा, मग मध्य

बहुतेक ठिकाणी मशीनवाला खोलीच्या मध्यापासून सुरुवात करतो आणि कडेला येईपर्यंत कंटाळतो. क्रम उलटा ठेवा. प्रत्येक थरात आधी बीम किंवा बांधकामालगतची फूटभर पट्टी आणि कॉलमभोवतीचे कोपरे हाताने धुमसून घ्या. ७ ते ८ किलोची लोखंडी धुमस, कमरेएवढी उचलायची आणि सोडायची, नुसती टेकवायची नाही. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या खुणेवर निम्मा यायला हवा. कडेच्या पट्टीत हाताने काम असल्यामुळे एक ८ इंची थर दोनदा चार-चार इंच टाकून ठोकला तर उत्तम. हाताच्या धुमसीचा जोर आठ इंच खोल पोहोचत नाही, हे खरं कारण.

कडा बसल्या की मधल्या भागावर प्लेट कॉम्पॅक्टर चालवा. १०० किलोच्या आसपासचं मशीन घरासाठी पुरतं. चार ते सहा फेऱ्या, एकदा लांबीने आणि एकदा रुंदीने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवून. थर पुरेसा बसला की मशीनचा आवाज बदलतो. आधीचा दबका धपधप आवाज कडक होतो आणि मशीन पुढे उड्या मारायला लागतं. त्यापुढे फेऱ्या वाढवून उपयोग नाही, उलट माथ्यावरचे कण फुटून धूळ होते.

पुढचा थर टाकण्याआधी खालचा माथा वाळून गुळगुळीत झाला असेल तर तो फावड्याने थोडा खरवडा आणि पाणी शिंपडा, नाहीतर दोन थरांत सांधा राहतो.

थर बसला की नाही

रोजच्या तपासणीसाठी १२ मिलिमीटरची सळई पुरे. टोक साधं कापलेलं, वर आडवा दांडा. एका माणसाने अंगाचा भार देऊन ती थरात दाबायची. बसलेल्या मुरमात ती इंच-दोन इंचांहून जास्त जात नाही. पाच-सहा इंच सहज गेली तर तो थर पुन्हा. सळई मध्यावर टोचू नका, मध्य नेहमी चांगलाच निघतो. कॉलमपासून वीतभर आणि बीमपासून वीतभर अंतरावर टोचा. सळई दगडावर अडली असेल तर शेजारी दुसरीकडे टोचून खात्री करा.

याहून पक्की खात्री हवी असेल तर घनतेची चाचणी करता येते. मुरमाचा नमुना प्रयोगशाळेत दिला की त्याची जास्तीत जास्त कोरडी घनता आणि ती कोणत्या ओलीवर मिळते हे सांगतात. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही चाचणी करून मिळते. जागेवर मग थरात छोटा खड्डा करून निघालेला मुरूम तोलायचा आणि खड्ड्याचं आकारमान कोरड्या वाळूने भरून मोजायचं. समजा खड्ड्यातून ३.६ किलो ओला मुरूम निघाला आणि खड्डा १.८ लिटरचा भरला. म्हणजे ओली घनता लिटरला २ किलो. ओल १० टक्के असेल तर कोरडी घनता २ भागिले १.१, सुमारे १.८२. प्रयोगशाळेने जास्तीत जास्त १.९० सांगितली असेल, तर आपण ९५ टक्क्यांच्या थोडं वर आहोत. जड फरशीच्या कारखान्यांना ९५ टक्के मागतात, घरालाही तेवढं मिळालं तर फरशीची चिंता नको. घराच्या कामात प्रत्येक थराची अशी चाचणी कोणी करणार नाही. एखाद-दुसऱ्या थराची कोपऱ्यात केली, तरी पुढच्या थरांना मजुरांचा हात आपोआप जड पडतो.

शेवटच्या थरानंतर जोत्यात पाणी तुंबवून २४ तास ठेवायचं, वाळल्यावर पुन्हा धुमस करायची, अशी जुनी आणि सरकारी कामांतही असलेली पद्धत आहे. कुठे मोकळं राहिलं असेल तर तिथे खळगा पडून दिसतो, म्हणून ती तपासणी म्हणून चांगली. पण खाली काळी माती शिल्लक असेल तर हे करू नका. तुंबवलेलं पाणी झिरपून तिच्यात जातं, ती फुगते, आणि पुढे वाळताना बसते. आपल्या घरात जमिनीखालचा काळा थर फूटभरच असेल आणि तो पूर्ण काढला असेल तर हरकत नाही. तीन-चार फूट काळी माती असलेल्या जागेत पाणी तुंबवण्याऐवजी सळईवर भिस्त ठेवा.

'एक पावसाळा खाऊ द्या भरावाला' हा सल्ला प्रत्येक गावात मिळतो. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. उघड्यावरचा सुटा भराव पावसाने काही प्रमाणात बसतो, हे खरं. पण बसतो तो वरचा भाग. खड्ड्यांतला खोल भराव पावसाच्या पाण्याने नीट भिजतही नाही आणि पुढे कित्येक वर्षं सावकाश बसत राहतो. थराथराने धुमसलेल्या भरावाला पावसाळ्यापर्यंत थांबायची गरज नाही, आणि न धुमसलेल्याला एक पावसाळा पुरत नाही.

प्लंबर येतो तेव्हा

भराव झाला, सगळं तपासून झालं, आणि मग न्हाणीघर-संडासाच्या पाइपसाठी प्लंबर येऊन बीमलगत चर खणतो. पाइप टाकून निघालेला मुरूम पायाने लोटून चर बुजवला जातो. पुढे स्वयंपाकघरापासून बाहेरच्या चेंबरपर्यंत फरशीत सरळ रेषेत खळगा दिसतो तो याच चराचा.

चर खणणं टाळता येत नाही, आणि पाइप भराव झाल्यावर टाकणंच योग्य, नाहीतर मशीनखाली तो फुटतो. पण चर बुजवण्याची जबाबदारी प्लंबरवर सोडू नका. पाइपखाली आणि दोन्ही बाजूंनी वाळू भरून ती पाणी घालून बसवा. पाइपच्या वर ४ इंच वाळू झाल्यावर मुरमाचे ४-४ इंचांचे थर अरुंद ठोकण्याने. पाइप जिथे बीममधून जातो तिथे बीम ओतताना आधीच बाही, म्हणजे पाइप आरपार जाईल एवढी नळी, ठेवलेली असावी. बीम फोडून पाइप काढायचा नाही. आणि चर बुजवण्याआधी पाइपचं तोंड बंद करून पाणी भरा आणि काही तास ठेवा. भरावाखाली गळणारा सांधा म्हणजे रोज थोडं पाणी आणि रोज थोडा मुरूम वाहून जाणं.

वाळवीचं औषध आणि सोलिंग

वाळवीविरोधी औषध धुमस आणि पाइपचं काम पूर्ण झाल्यावर, सोलिंगच्या आधी. भारतीय मानकाप्रमाणे भरावाच्या माथ्यावर चौरस मीटरला ५ लिटर औषधी द्रावण लागतं, आपल्या ८०० चौरस फुटांना साधारण ३७० लिटर. एखादा पंप मारून निघून गेलेला माणूस काय करून गेला हे यावरून कळतं. बीम आणि कॉलमलगत सळईने भोकं पाडून त्यांत द्रावण ओततात, कारण वाळवी त्याच कडेने वर येते. औषध मारल्यावर माथा पुन्हा उकरायचा नाही.

सोलिंगचे दगड उभे, एकमेकांना खेटून लावायचे, आणि मधल्या फटींत बारीक दगड आणि मुरूम भरून पुन्हा एकदा मशीन फिरवायचं. 'खालचं सैल असलं तरी वर नऊ इंच दगड आहे ना' असं ऐकायला मिळतं. दगड सुटे आहेत, त्यांचा स्लॅब नाही. खालचा मुरूम बसला की ते त्याच्याबरोबर खाली जातात, आणि त्यावरची तीन इंच पीसीसीही काही तोलून धरत नाही.

बाहेरची कड आणि पैशाचा हिशोब

जोत्याबाहेरच्या खड्ड्यांचा भागही याच पद्धतीने, थराथराने भरा. तिथे सैल राहिलं तर पावसाचं पाणी भिंतीलगत मुरून फुटिंगच्या खड्ड्यात उतरतं आणि आतल्या भरावाला खालून भिजवतं. घरापासून दूर उतार देऊन अडीच-तीन फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी करा, पहिल्या पावसाआधी.

पैसे देताना एक गोष्ट आधी ठरवून घ्या. भरावाचे पैसे ट्रॉलीवर देणार असाल तर माल आणणाऱ्याला जास्त ट्रॉल्या आणि धुमस करणाऱ्याला कमी काम परवडतं. त्याऐवजी पक्क्या भरावाच्या मापावर दर ठरवा, म्हणजे आपल्या घरात जोत्याचे २० ब्रास आणि खड्ड्यांचे साडेआठ ब्रास. खड्ड्यांचं माप ते बुजवण्याआधी ठेकेदारासमोर टेपने घ्या आणि वहीत त्याची सही घ्या. पैसेही थरावर द्या: रेषेला माथा आला, कोपऱ्यात सळई टोचली, की त्या थराचा हप्ता.